ओळ क्रमांक २२३८

जुना कोड वाचताना इंजिनिअरला कोड्यात टाकणारी एक टीप सापडते. ती लिहिणारा सहकारी कधीच निघून गेलेला, त्याचा कोड मात्र रोज बिनबोभाट चालतोय. कथालेखकाला याहून चांगलं बीज कुठलं मिळणार? टीपेमागे काय दडलंय, या एका प्रश्नावर कथा शेवटपर्यंत ओढता येते. पण या जातीची सर्वांत गाजलेली टीप खरीखुरी आहे, आणि तिचं उत्तरही मिळालेलं आहे.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून युनिक्सची सहावी आवृत्ती बाहेर पडली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे कर्ते. पुढे सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी तिचा गाभा विद्यार्थ्यांना ओळीओळीने शिकवायला घेतला. त्यांनी कोडला ओळींचे क्रमांक देऊन तो छापला आणि सोबत स्वतःचं भाष्य लिहिलं. त्याच्या झेरॉक्स प्रती वर्षानुवर्षं हातोहात फिरल्या. हे वाचणाऱ्या बहुतेकांना कर्त्यांना गाठून काही विचारण्याची सोय नव्हती. हाती होता तो फक्त कागद. त्यात २२३८ क्रमांकाच्या ओळीवर हे होतं:

```
 * You are not expected to understand this.
```

‘हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही.’ अनेकांना हा उद्धटपणा वाटला. वास्तविक त्याच्या आधीच्या काही ओळींत लेखकाने पुढचा कोड काय करतो ते सांगितलं होतं. वाचणारा अडायचा तो त्या कोडच्या करामतीवर.

ती करामत अशी. संगणकात प्रोसेसर एक आणि चालणारे प्रोग्रॅम अनेक. त्यामुळे युनिक्स एकाला मध्येच थांबवतं आणि दुसऱ्याला पुढे काढतं. थांबलेला प्रोग्रॅम कुठे होता याची नोंद, पुस्तकात खूण ठेवावी तशी, स्टॅक नावाच्या स्मृतीच्या भागात राहते. ही अदलाबदल `swtch` नावाचं फंक्शन करतं. एरवी फंक्शनचं काम संपलं की ज्याने बोलावलं त्याच्याकडेच ते परततं. इथे तसं होत नाही.

समजा, एका प्रोग्रॅमची नवी प्रत काढायची आहे. हे काम `newproc` करतं. मूळ प्रोग्रॅमला ते ० हे उत्तर देतं आणि प्रतीला १. आपण मूळ की प्रत, हे दोघांना त्यावरून कळतं. आता स्मृतीत जागाच नसेल तर प्रत थेट डिस्कवर लिहिली जाते. त्याआधी `newproc` आपला स्टॅक कुठे आहे ते नोंदवून ठेवतं. पुढे जागा झाली की प्रत स्मृतीत येते आणि `swtch` तिला जागं करतं. ते स्टॅक मागे, `newproc`ने नोंदवलेल्या जागी नेतं आणि मग `return(1)` म्हणतं. लिहिलेलं आहे `swtch`मध्ये, पण परतणं घडतं ते `newproc`मधून! प्रतीला तिचं १ मिळतं आणि ती कामाला लागते.

वाचकाच्या डोळ्यांना मात्र ही उडी दिसत नाही. समोर दिसतो तो एक साधा `return`.

रिचींनी नंतर खुलासा केला, आणि तो मनाला भिडतो. ‘हे परीक्षेत विचारणार नाही’ असं शिक्षक सांगतात, त्याच भावनेने ती टीप लिहिली होती. कुणाला आव्हान द्यायचं नव्हतं. पण खरी अडचण निराळीच होती, असं ते पुढे म्हणतात: तिथे नेमकं काय चाललं आहे, हे आम्हालाही उमगलं नव्हतं.

उमगलं ते युनिक्स दुसऱ्या यंत्रावर नेताना. सहावी आवृत्ती पीडीपी-११ या संगणकावर चालायची. तिथला सी कंपायलर प्रत्येक फंक्शनसाठी रजिस्टरं एकाच ठरावीक पद्धतीने जपून ठेवायचा आणि परतताना तशीच काढायचा. म्हणून एका फंक्शनमधला परतीचा कोड दुसऱ्याच्या स्टॅकवर चालवला तरी निभावून जायचं. इंटरडेटा या यंत्राच्या कंपायलरची रीत वेगळी होती. कुठली रजिस्टरं जपली आहेत, त्यानुसार तिथे परतीचा कोड बदलायचा. म्हणजे `swtch`ची परत `newproc`च्या स्टॅकवर चालवली, तर रजिस्टरांत भलत्याच किमती जाणार. दोष त्या एका ओळीत नव्हता, सगळी योजनाच चुकीच्या पायावर उभी होती.

टीपेत कोड काय करतो ते होतं. तो कशाच्या भरवशावर चालतो, ते नव्हतं. ‘सगळी फंक्शनं एकाच रीतीने परततात असं धरलं आहे’ एवढं एक वाक्य असतं, तर युनिक्स नव्या यंत्रावर नेणाऱ्याने आधी तिथेच बोट ठेवलं असतं. पण त्या काळी कर्त्यांसमोर यंत्र एकच होतं आणि आपण काही गृहीत धरतोय हे त्यांना जाणवण्यासारखं नव्हतं. जुनी टीप हाती आलेल्या इंजिनिअरने म्हणूनच शब्दांचा कीस काढण्याआधी पाहावं ते हे: हा कोड लिहिला तेव्हा कंपायलर कोणता होता, यंत्र कोणतं होतं, आणि त्यातलं आज काय बदललं आहे.

थॉम्पसन आणि रिचींनी १९७९ च्या सातव्या आवृत्तीसाठी अदलाबदलीची ती यंत्रणाच नव्याने लिहिली, आणि त्या कोडबरोबर टीपही गेली.