मागे पडलेल्यांची यादी वाचताना

कंपनीत एखादे अंतर्गत प्रशिक्षण सुरू झाले की दोन-तीन आठवड्यांत एक तक्ता फिरू लागतो. कोणी किती धडे पूर्ण केले आणि चाचणीत किती गुण मिळवले हे त्यात असते, आणि खाली लाल रंगात मागे पडलेल्यांची नावे. त्या लाल नावांना स्मरणपत्र जाते, त्याची प्रत सुपरवायझरला. घाई इथेच होते. त्या एका यादीत निरनिराळ्या कारणांनी आलेली माणसे असतात आणि सगळ्यांना एकच स्मरणपत्र मिळते.

समजा, एका कारखान्यात चाळीस जणांना संगणक सुरक्षेचे पाच धडे 30 दिवसांत पूर्ण करायचे आहेत. प्रत्येक धड्यानंतर दहा प्रश्नांची चाचणी, उत्तीर्ण व्हायला सात गुण, आणि चाचणी सुटल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. विसाव्या दिवशी साधारण तीन धडे व्हायला हवेत. तीनपेक्षा कमी असलेली नऊ नावे यादीत आली.

यातले दोघे आठच दिवसांपूर्वी रुजू झाले आहेत. त्यांचे 30 दिवस रुजू झाल्यापासून मोजले तर आठव्या दिवशी जेमतेम एक धडा अपेक्षित आहे, आणि तो दोघांनीही पूर्ण केला आहे. तक्ता तयार करणाऱ्याने सगळ्यांना एकच सुरुवातीची तारीख लावली, म्हणून ते लाल झाले.

पुढचे तिघे नीट पाहण्यासारखे. त्यांच्या नावापुढे `incomplete` असे दिसते, पण धड्यावर घालवलेला वेळ चाळीस मिनिटांच्या आसपास आहे, शेवटची पाहिलेली पाटी धड्यातली अखेरचीच आहे आणि चाचणीचे गुणही नोंदलेले आहेत. धडा झाल्याची नोंद बऱ्याचदा शेवटचे ‘बाहेर पडा’ बटण दाबल्यावरच सर्व्हरला पोहोचते. टॅब तसाच बंद केला किंवा नेमके तेव्हा नेट गेले, तर तो निरोप पोहोचतच नाही. त्यात अनेक धडे अजूनही ‘स्कॉर्म 1.2’ या 2001 सालच्या पद्धतीने बांधलेले असतात. तिच्यात धडा पूर्ण झाला की नाही आणि माणूस उत्तीर्ण झाला की नाही, या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात लिहाव्या लागतात. हे दोन रकाने ‘स्कॉर्म 2004’मध्ये वेगळे झाले. या तिघांना समज देण्यात अर्थ नाही. धडा पुन्हा उघडून बटण दाबायला सांगावे, नाहीतर प्रशासकाने नोंद दुरुस्त करावी.

उरले चौघे. त्यातल्या तिघांनी एकदाही लॉगिन केलेले नाही. त्यांची नावे विभागाप्रमाणे लावली तर काही कळत नाही, शिफ्टप्रमाणे लावली की कळते. तिघेही दुसऱ्या पाळीचे आहेत, त्या पाळीला एकच सामाईक संगणक आहे आणि तोही माल नोंदवण्यात अडकलेला. त्यांना आठवण करून देऊन काय होणार? पाळीच्या वेळेत अर्धा तास आणि एक मोकळे यंत्र द्यायला हवे.

शेवटच्या एकाचे पहिले दोन्ही धडे पाहून झाले, पण दुसऱ्या चाचणीत त्याला चार, पाच आणि पुन्हा चार गुण मिळाले. खऱ्या अर्थाने अडलेला हा एकटाच. त्याच्यासाठी एकूण गुण पुरत नाहीत, प्रश्नवार उत्तरे उघडावी लागतात. तिन्ही वेळा तेच प्रश्न चुकत असतील तर तेवढा भाग कोणीतरी शेजारी बसून समजावावा. आणि तोच प्रश्न इतर बहुतेकांचाही चुकलेला दिसला, तर आधी उत्तरसूची तपासावी आणि प्रश्नाची भाषा वाचून पाहावी. अशा वेळी दोष बहुधा प्रश्नात निघतो.

मला जास्त काळजी वाटते ती यादीत नसलेल्यांची. मूडलसारख्या प्रणालीत चाचणीचे गुण कसे धरायचे ते ठरवता येते: सर्वांत जास्त, सरासरी, पहिला प्रयत्न किंवा शेवटचा. ‘सर्वांत जास्त’ निवडले आणि प्रत्येक प्रयत्नानंतर बरोबर उत्तरे दाखवली, तर पहिल्यांदा दोन गुण मिळवणारा सहाव्या प्रयत्नात सात गुण घेऊन हिरवा होतो. पंचवीस मिनिटांचा धडा दोन मिनिटांत ‘पूर्ण’ करणाराही हिरवाच. फसवे ईमेल ओळखायला ते शिकले की नाही, हे त्या हिरव्या रंगावरून कळत नाही.

म्हणून हा तक्ता ज्यांच्या हाती येतो त्यांना विनंती आहे. त्यात चार रकाने वाढवून घ्या: धडा नेमून दिल्याची तारीख, शेवटचे लॉगिन, पहिल्या प्रयत्नाचे गुण आणि प्रयत्नांची संख्या. आणि स्मरणपत्र धाडण्याआधी लाल नावांपैकी प्रत्येकाला एकदा विचारा, कुठे अडले?