धुण्याचे आठ, वाळवण्याचे पाच

जुलैचा तिसरा आठवडा. डोंबिवलीत दादा-वहिनीच्या वन बीएचकेत पाय टाकला तर हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड, खिडकीच्या गजांना मुलांचे गणवेश, खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल. मे महिन्यात त्यांनी मोठ्या हौसेनं वॉशर-ड्रायर घेतलं होतं, तेच मशीन धुतं आणि तेच वाळवतं असं. वहिनीनं नुकतीच बाहेर काढलेली जीन्स माझ्या हातात दिली. पाय कोरडे आणि गरम होते, कंबरपट्टी आणि खिशाचं अस्तर मात्र चिंब.

“आठ किलोचं घेतलं ना गं, मग कपडे आतून ओलेच कसे?”

मशीनच्या दर्शनी भागावरच्या स्टिकरवर दोन आकडे होते. धुण्यापुढे आठ, वाळवण्यापुढे पाच. दुकानात बोलणं पहिल्या आकड्यावर झालं होतं. घर चालतं ते दुसऱ्यावर.

हे दोन आकडे वेगळे का, ते ड्रममध्ये डोकावलं की कळतं. धुताना ओले कपडे एकमेकांवर बसले, दाबले गेले तरी चालतं, कारण पाणी त्यांच्यात शिरतंच. वाळताना कपडा उचलला जाऊन मोकळा पडायला हवा आणि त्या पडण्यात त्याला गरम हवा लागायला हवी. म्हणून आठ किलोच्या वेगळ्या ड्रायरचा ड्रम शंभर लिटरच्या वर असतो, तर तेवढ्याच क्षमतेच्या वॉशिंग मशीनचा साधारण साठ-पासष्ट लिटरचा. कॉम्बोमध्ये ड्रम वॉशिंग मशीनचाच असतो. त्यात आठ किलो ओले कपडे ठेवून वाळवण लावली की त्यांचा गोळा होतो. बाहेरचे पदर भाजल्यासारखे कडक होतात आणि पोटातले ओलेच राहतात.

पाच किलो म्हणजे किती, याचा अंदाज आपल्याला नसतो. एक मोठी जीन्स सहाशे-सातशे ग्रॅम, जाड टॉवेल चारशे-पाचशे, डबल बेडशीट पाऊण किलोच्या आसपास, शर्ट पाव किलो. दोन जीन्स, तीन टॉवेल, एक बेडशीट आणि चार शर्ट झाले की साडेचार किलो होतात. चौघांच्या घरात रविवारी निघणारं धुणं याच्या दुप्पट असतं. एकदा कोरड्या कपड्यांची पिशवी हातात धरून वजनकाट्यावर उभं राहावं आणि स्वतःचं वजन वजा करावं. खरेदीआधी एवढी एक गोष्ट केली तरी पुढचा बराच मनस्ताप टळतो.

आता वेळेचं बघू. वहिनीच्या रविवारच्या आठ किलोंना धुवायला दीड-पावणेदोन तास लागतात. मग तीन किलो कपडे काढून टबात ठेवायचे आणि पाच किलो वाळवायचे, त्याला तीन तास. ते काढून उरलेले तीन किलो आत टाकायचे, आणखी दोन तास. सकाळी आठला लावलेलं मशीन दुपारी तीनला मोकळं होतं. मधल्या वेळेत दुसरं काही धुता येत नाही, आणि दोनदा कुणीतरी घरात हजर लागतं. दोन वेगळी मशीन असली की पहिला घाणा ड्रायरमध्ये असताना दुसरा धुऊन होतो. पावसाळ्यात चार माणसांच्या घराला खरा फरक पडतो तो इथे.

“पण दोन मशीन ठेवायची कुठे?” हा वहिनीचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र बहुतेकांना वाटतं तसं नाही. कॉम्बो आणि वेगळं वॉशिंग मशीन, दोन्ही साधारण साठ सेंटिमीटर रुंद, साठ खोल आणि पंच्याऐंशी उंच. ड्रायरही बहुधा याच मापाचा असतो आणि फ्रंट लोड मशीनच्या डोक्यावर चढवता येतो. म्हणजे एकावर एक ठेवलेली जोडी फरशी कॉम्बोइतकीच अडवते, जास्त लागते ती उंची. तेव्हा घरात दोन फूट बाय सव्वादोन फुटांचा कोपरा वर कुठपर्यंत मोकळा आहे, हे आधी पाहायला हवं.

जोडी सुमारे एकशे सत्तर सेंटिमीटरची होते, साडेपाच फुटांच्या जरा वर. आपल्याकडचा माळा बहुधा सात फुटांवर असतो. म्हणजे माळ्याखालच्या पॅसेजमध्ये किंवा ड्राय बाल्कनीत जोडी बसते. स्वयंपाकाच्या ओट्याखाली किंवा गीझरखाली जागा असेल तर मात्र विषय संपला, तिथे कॉम्बोच. मापं घेताना मागच्या पाइपांसाठी चार इंच सोडावेत, आणि समोर दार पूर्ण उघडून माणूस वाकू शकेल एवढी, निदान दोन फूट, जागा हवी. वरच्या ड्रायरची बटणं जवळजवळ साडेपाच फुटांवर येतात. घरात रोज मशीन लावणारी व्यक्ती पाच फूट उंचीची असेल तर दुकानातच हात वर करून पाहावं.

चढवताना वॉशिंग मशीन नेहमी खाली. त्यात कॉंक्रीटचं वजन बसवलेलं असतं आणि पिळताना हादरे त्याचेच बसतात. दोहोंच्या मधे कंपनीचं स्टॅकिंग किट लावावंच लागतं. ते दोन्ही मशीनच्या मापाला जुळणारं हवं, म्हणून जोडी शक्यतो एकाच कंपनीची घ्यावी. नुसती रबराची चटई टाकून ड्रायर वर ठेवला तर हादऱ्यांनी तो हळूहळू पुढे सरकतो आणि एक दिवस पडतो. टॉप लोड मशीनवर जोडी चढत नाही, कारण त्याचं झाकणच वर उघडतं. त्या घरांसाठी साडेपाच किलोच्या आसपासचे भिंतीवर टांगायचे छोटे ड्रायर मिळतात, पण भिंत पक्क्या विटांची किंवा कॉंक्रीटची हवी आणि झाकण पूर्ण उघडेल इतकं अंतर मधे सोडायला हवं. मशीन एक असो वा दोन, प्रत्येकाला स्वतंत्र पंधरा-सोळा अँपिअरचा प्लग लागतो. दोन्ही एका एक्स्टेंशनवर लावली की वायर तापते.

वेगळ्या ड्रायरमध्येही ओलावा कुठे जातो हे विचारून घ्यावं. स्वस्तातले व्हेंटेड ड्रायर दमट गरम हवा मागच्या चार इंची नळीतून बाहेर फेकतात. ती नळी ड्राय बाल्कनीच्या ग्रिलबाहेर नेता आली तर उत्तम. खोलीतच सोडली तर एका घाण्यामागे अडीच-तीन लिटर पाणी वाफ होऊन घरात फिरतं आणि आठवड्याभरात कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागतो. कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायर ती वाफ आतच थंड करून पाणी टाकीत किंवा ड्रेनमध्ये सोडतात.

कॉम्बोही वाफेचं पाणीच करतो, पण बहुतेक मॉडेलमध्ये त्यासाठी नळाचं थंड पाणी वापरलं जातं. ड्रममधून आलेली दमट हवा ज्या भागातून जाते तिथे पाण्याची बारीक धार सुटलेली असते. तिथे वाफेचे थेंब होतात आणि सगळं पाणी ड्रेन पाइपनं निघून जातं. एका वाळवणीला दोन-तीन बादल्या पाणी सहज लागतं. आपलं मशीन या प्रकारचं आहे का, हे ओळखायला सोपं आहे: वाळवण चालू असताना मधूनमधून पाणी सोडल्याचा आणि पंपानं उपसल्याचा आवाज येतो.

वहिनीच्या घरातला दुसरा घोळ इथेच सापडला. मशीन बसवताना प्लंबर सांगून गेला होता, “ताई, धुऊन झालं की नळ बंद करत जा, पाइप सुटला तर घरभर पाणी होईल.” सल्ला वॉशिंग मशीनसाठी बरोबर होता. वहिनी धुण्याचा भाग संपल्याचा आवाज आला की नळ बंद करायची आणि मग वाळवण लावायची. धारच नाही म्हटल्यावर वाफ आतल्या आत फिरत राहिली. काही मशीन अशा वेळी एरर दाखवून थांबतात, तिचं ठरलेला वेळ पुरा करून निमूटपणे बंद व्हायचं. ज्या इमारतींत पाणी ठरावीक तासच येतं किंवा वरच्या मजल्यावर दाब कमी असतो, तिथे घेण्याआधी याचा विचार करायलाच हवा. शिवाय पावसाळ्यात आपल्या टाकीतलं पाणी काही फार गार नसतं, त्यामुळे माहितीपुस्तकात लिहिलेल्यापेक्षा वेळ थोडा जास्तच लागतो.

विजेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पाच किलो सुती कपडे चौदाशे फेऱ्यांवर पिळले तरी त्यांच्यात अडीच लिटरच्या आसपास पाणी राहतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते, म्हणजे अडीच लिटरला कमीत कमी दीड युनिट. ड्रम, हवा, पत्रा तापवण्यात जाणारी उष्णता धरली की कॉइलवर चालणाऱ्या यंत्राला प्रत्यक्षात तीनेक युनिट लागतात. हीट पंप तीच उष्णता पुन्हा पुन्हा फिरवतो, त्यामुळे त्याचं काम निम्म्या विजेत होतं. युनिटला दहा रुपये धरले तर घाण्यामागे पंधरा रुपयांचा फरक. चार महिन्यांच्या पावसाळ्यात शंभर घाणे काढले तर दीड हजार रुपये. दोन यंत्रांच्या किमतीत वीस-पंचवीस हजारांचा फरक असेल, तर ऊन पडल्यावर ड्रायर बंद ठेवणाऱ्या घराला तो पैसा वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील. हीट पंपमध्ये कपडे कमी तापमानाला वाळतात आणि कमी आटतात, हा फायदा खरा आहे, पण निव्वळ बिलासाठी तो घेऊ नये असं माझं मत आहे.

त्यापेक्षा पिळण्याकडे लक्ष द्यावं. हजार फेऱ्यांवर पिळलेल्या त्याच पाच किलोंत तीन लिटर पाणी उरतं, आणि हा जास्तीचा अर्धा लिटर उडवायला अर्ध्या युनिटहून अधिक वीज जाते. जास्तीचं स्पिन त्या मानानं जवळजवळ फुकट पडतं.

देखभालीत दोघांत मोठा फरक आहे. वेगळ्या ड्रायरला दाराजवळ जाळी असते. प्रत्येक घाण्यानंतर ती काढली की टॉवेलचा कापसासारखा कीस हातात येतो. अनेक कॉम्बोंना अशी जाळी नसते. कीस आतल्या वाटेतून पाण्याबरोबर वाहून जावा अशी रचना असते, पण तो सगळा जात नाही. दाराच्या रबरात राखाडी ओला थर दिसणं, पुढच्या धुण्यात काळ्या कपड्यांवर पांढरे तंतू येणं, आणि तेवढ्याच कपड्यांना पूर्वीपेक्षा तासभर जास्त लागणं, ही वाट तुंबत चालल्याची लक्षणं आहेत. रबर दर वेळी ओल्या फडक्यानं पुसावं, खालचा पंप फिल्टर महिन्यातून एकदा उघडावा, आणि तरीही वेळ वाढत राहिला तर मेकॅनिककडून आतली वाट उघडून साफ करून घ्यावी. कॉम्बोचा एक भाग बिघडला की त्या दुरुस्तीच्या दिवसांत धुणं आणि वाळवणं दोन्ही थांबतं, हेही लक्षात असू द्यावं.

मग कॉम्बो कुणी घ्यावा? एकटा माणूस किंवा दोघं, रोज दोन-अडीच किलो धुणारे, रात्री लावून सकाळी काढणारे, आणि नळाला कायम पाणी असणारे. त्यांना तो खरंच सुखाचा पडतो, कारण कपडे मधे काढावेच लागत नाहीत. तीन-चार माणसं आणि माळ्याखाली मोकळा कोपरा असेल तर मी जोडीच सांगेन, तीही आधी वॉशिंग मशीन आणि दोन-तीन पावसाळ्यांनी ड्रायर अशी घेतली तरी चालते.

वहिनीची जागा ओट्याखालची, त्यामुळे तिला कॉम्बोवरच भागवायचं होतं. आता ती रविवारी सगळं एकदम काढत नाही. रोज चार किलोच्या आत, स्पिन चौदाशेवर, नळ चालू. जीन्स आणि टॉवेल आधी दोन-तीन तास पंख्याखाली आणि मग तासभर मशीनमध्ये. गणवेश थेट मशीनमध्ये, ते रात्री साडेनऊला लागतात आणि साडेअकराला कोरडे निघतात. परवा फोन केला तेव्हा म्हणाली, हॉलमधला स्टँड अजून आहे, पण त्यावर आता फक्त बेडशीट असते.