तीन पेट्या, प्रत्येकी साडेचार टनांची

समजा, नाशिकहून द्राक्षांचा एक कंटेनर हॅम्बुर्गला जाणार आहे. निर्यातदार मराठीत ईमेल लिहितो, भाषांतराचं बटण दाबतो आणि क्षणात समोर जर्मन मजकूर येतो. मूळ ओळी साध्या आहेत:

“कंटेनर ०३/०४/२०२६ ला निघेल. ३,००० पेट्या, प्रत्येकी ४.५०० किलो, एकूण १३५०० किलो. कागदपत्रं किरण पाठवतील.”

भाषांतरात देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक झालेत, बाकी चिन्हं जागच्या जागी आहेत. `3,000` आणि `4.500 kg`. एकही आकडा बदललेला नाही. मग चूक कुठे आहे?

चूक नेमकी त्या न बदलण्यातच आहे! जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजार वेगळे दाखवायला टिंब. म्हणजे आपल्या बरोबर उलटं. हॅम्बुर्गच्या माणसाला `3,000` दिसतं तेव्हा तो वाचतो तीन. `4.500` म्हणजे चार हजार पाचशे. त्याच्या डोळ्यांसमोर तीन पेट्या उभ्या राहतात, प्रत्येकी साडेचार टनांची!

आता खरी गंमत पाहा. तो गुणाकार करून पडताळतो: तीन गुणिले चार हजार पाचशे, बरोबर साडेतेरा हजार. एकूण वजन तंतोतंत जुळतं. एक आकडा हजारपट लहान झाला, दुसरा हजारपट मोठा, आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकून टाकलं. हिशेब जुळला म्हणजे आकडे बरोबर, असं आपण किती सहज धरून चालतो ना?

यंत्राला हे कळत कसं नाही? कारण त्याच्यासाठी ‘४.५००’ हे वजन नाहीच. भाषांतराची आजची यंत्रं मजकुराचे लहान लहान तुकडे करतात आणि पुढचा तुकडा कोणता शोभेल याचा अंदाज बांधत जातात. आकड्याचेही असेच तुकडे पडतात. पेटी एका माणसाला उचलता येईल का, हा प्रश्न त्यात कुठेच नसतो.

तारखेचं कोडं तर याहून सुंदर आहे. आपण आणि जर्मन, दोघंही आधी दिवस लिहितो. मग अडचण कसली? अनेक यंत्रं मराठीतून थेट जर्मनमध्ये जात नाहीत, मध्ये इंग्रजीचा थांबा घेतात. तिथे अमेरिकी पद्धत आडवी आली, तर ३ एप्रिलचा ४ मार्च होऊ शकतो. २५/०४ असतं तर पंचविसावा महिना नसल्याने घोटाळा लगेच उघडा पडला असता. पण बारा महिन्यांच्या पहिल्या बारा तारखांतून दिवस-महिना सारखे असलेले बारा दिवस वगळले, तरी वर्षात १३२ दिवस असे उरतात की ज्यांची अदलाबदल झाली तरी तारीख खरीच दिसते!

आणि किरण? देवनागरीत विशेषनामाला मोठं अक्षर नसतं. शिवाय आपण आदराने ‘पाठवतील’ लिहिलं, आणि ‘किरण’चं अनेकवचनही ‘किरण’च. मग सूर्याचे किरण कागदपत्रं पाठवणार असल्याचं यंत्राने कळवलं, तरी व्याकरणात खोट निघत नाही. नाव ओळखलं, तरी जर्मनमध्ये श्री की श्रीमती हे ठरवावं लागतं. मराठी वाक्यात ते सांगितलेलंच नाही.

भाषांतर उलटं मराठीत आणून पाहिलं तर? `4.500` पुन्हा ‘४.५००’ होऊन परत येऊ शकतं आणि सगळं ठीक दिसतं. जी खूण जाताना तशीच राहिली, ती येतानाही तशीच राहते. त्यामुळे ही तपासणी वाक्यांना उपयोगी पडते, आकड्यांना नाही.

म्हणून दुरुस्ती मूळ मजकुरात करायची. वजन ‘४५०० ग्रॅम’ लिहा, पेट्या ‘३०००’ लिहा. चिन्हच नसेल तर उलटं काय वाचणार? २००३ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही ठरवलं की दशांशासाठी टिंब किंवा स्वल्पविराम चालेल, पण मोठ्या संख्येचे गट पाडायला या दोन्हींपैकी काहीही वापरू नये, फक्त मोकळी जागा सोडावी. तारखेत महिन्याचं नाव लिहा: ३ एप्रिल २०२६. नाव पासपोर्टवर असतं तसं रोमन लिपीत, `Kiran`, आणि पुढे श्री किंवा श्रीमती.

भाषांतर आल्यावर वाक्यं बाजूला ठेवा. दोन्ही मजकुरांतले फक्त आकडे, तारखा आणि नावं शेजारी-शेजारी उतरवा आणि प्रत्येक आकडा समोरचा माणूस जसा वाचेल तसा मोठ्याने वाचा. ‘तीन पेट्या’ असं तोंडून निघालं की चूक आपोआप कानावर येते. हे झाल्याशिवाय ‘पाठवा’वर बोट नेऊ नका.