मेनूकार्डावर 'कीस' कसा लिहावा?

मांडू पाहायला निघालेले पर्यटक धारला जेवायला थांबतात. देवासला टेकडीवर दर्शनाला येणारे बहुतेक आपल्याच माळव्यातले. दोघांना एकच मेनूकार्ड द्यायचे, तर हिंदीबरोबर इंग्रजीही हवी. आमच्या मते पदार्थाचे नाव मात्र बदलू नये. इंग्रजी लिपीत तेच नाव द्यावे आणि खाली एका ओळीत तो कशाचा, कसा केला ते सांगावे.

'भुट्टे का कीस' घ्या. कीस म्हणजे किसलेले, हे आपल्याला सांगावे लागत नाही. परदेशी पाहुणा मात्र त्याचे 'किस' वाचून हसेल! म्हणून खाली 'किसलेले मक्याचे कणीस, दूध आणि मसाल्यांत शिजवलेले' या अर्थाची ओळ हवी. दूध लिहायलाच हवे, कारण शिजल्यावर ते दिसत नाही. बाफल्याला नुसते 'ब्रेड' म्हटले, तर कणकेचा गोळा आधी उकडून, मग भाजून तुपात बुडवलेला असतो हे कळणार कसे?

खरी काळजी साबूदाणा खिचडीची. 'खिचडी' वाचून पाहुणा डाळ-तांदूळ समजतो आणि दाण्याचे कूट पोटात जाते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. तेव्हा 'शेंगदाणे' हा शब्द दोन्ही भाषांत ठळक छापावा. फोडणी शेंगदाणा तेलाची असेल तर तेही लिहावे. हे स्वयंपाक्यालाच विचारावे.

छापण्यापूर्वी तो पदार्थ कधीही न खाल्लेल्या माणसाला ओळ वाचायला द्यावी आणि ताटात काय येईल ते विचारावे. उत्तर चुकले, तर ओळ पुन्हा लिहावी.