स्वागत दोन भाषांत

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत जर्मन ग्राहक आलेत. स्वागताचं भाषण असं सुरू होतं: ‘आपले पाय आमच्या कारखान्याला लागले, हे आमचं भाग्य. इथून वर्षाला साडेबारा लाख कास्टिंग बाहेर पडतात.’

यातलं पहिलं वाक्य शब्दशः इंग्रजीत नेलं, तर पाहुणे आपल्या बुटांकडे बघतील. तिथे एवढंच पुरतं: ‘वेलकम. वी आर व्हेरी ग्लॅड यू केम.’ खरी गफलत आकड्यात होते. लाख त्यांना कळत नाही, आणि घाईत ‘ट्वेल्व्ह मिलियन’ म्हटलं की उत्पादन जवळजवळ दहापट फुगतं. बरोबर आकडा ‘वन पॉइंट टू फाइव्ह मिलियन’. तो कागदावर अक्षरी लिहून ठेवावा. माइकसमोर हिशेब होत नाही.

वाचणाऱ्याला इंग्रजीची सवय नसेल, तर इंग्रजीही देवनागरीत लिहून द्यावं. त्यात कमीपणा कसला? दोन वाक्यं मराठी, मग त्यांचं इंग्रजी, असं आलटूनपालटून वाचलं की कामगार आणि पाहुणे दोघेही ऐकत राहतात. शेवटचं वाक्य सुरक्षेचं: ‘प्लीज स्टे इनसाइड द यलो लाइन्स.’ ते भट्टीकडे निघण्याआधी, हेल्मेट आणि गॉगल हातात देताना म्हणायचं.