‘अतितातडीचे’ म्हणजे नेमके किती वाजेपर्यंत?

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शुक्रवारी सकाळी पावणेबाराला असा मजकूर येतो: ‘अतितातडीचे. एनएमएमएस पात्र विद्यार्थ्यांची प्रलंबित नोंदणी त्वरित पूर्ण करून अहवाल सादर करावा. दिरंगाई झाल्यास सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.’ जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट लिहिलेले असते. वेळ मात्र कुठेच नसते. जुम्याच्या नमाजला तासाभराने निघायचे असते आणि वर्गात मुले बसलेली असतात.

आम्ही शिक्षक असे मजकूर वर्षभर वाचतो. पालकांनाही आमच्याकडून असेच निरोप जातात: ‘कागदपत्रे तातडीने आणा.’ एनएमएमएस ही आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, पण नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरून तो मंजूर झाला तरच. म्हणून या एका निरोपात खरी वेळ कोणती, हे शोधण्याची किंमत एका घराला चार वर्षांत ४८,००० रुपयांइतकी असू शकते.

समजा, नववीतल्या एका मुलीचा अर्ज अडकलेला आहे. वडील यंत्रमागावर आहेत. जितके कापड विणले जाईल तितकी मजुरी मिळते, त्यामुळे अर्धा दिवस सुटला की तितके पैसे गेले. तिचे बँक खाते आधारशी ‘सीड’ झालेले नाही. आजच सगळे हवे असेल, तर वडिलांना माग बंद ठेवून बँकेत धाव घ्यावी लागेल. चार दिवस असतील, तर ते सोमवारी सुट्टी मागून निवांत जातील. कार्यालयाला विचारावे, तर ‘तुम्हाला काम टाळायचे आहे का?’ असा अर्थ लागण्याची भीती. पालकाने शिक्षकाला विचारले, तर त्यालाही तीच भीती.

कोणाला काही विचारण्याआधी मजकूर पुन्हा वाचावा, कारण त्यात दोन वेगळी कामे एकत्र बांधलेली आहेत. एक म्हणजे नोंदणी आणि दुसरे म्हणजे अहवाल. नोंदणी पोर्टलवर होते आणि तिची शेवटची तारीख पोर्टलच ठरवते. अहवाल म्हणजे ‘पात्र किती, भरले किती, बाकी किती’ असा आकड्यांचा तक्ता, आणि तो मागणारा माणूस वेगळा असतो. घाई बहुतेक वेळा या तक्त्याची असते. वरच्या साहेबांची व्हीसी, म्हणजे दूरदृश्य बैठक, दुपारी लागलेली असते. तिथे तालुक्याचा आकडा सांगायचा असतो, म्हणून सकाळी सगळ्या शाळांना ‘अतितातडीचे’ जाते.

मजकुरासोबत पत्राचा फोटो असेल, तर त्याची तारीख आणि वरची ‘संदर्भ’ ही ओळ पाहावी. पत्र कधीकधी चार दिवसांपूर्वीचे निघते. संचालनालयातून जिल्ह्याला, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग केंद्रप्रमुखांकडे आणि शेवटी आमच्याकडे, असा त्याचा प्रवास झालेला असतो. मूळ पत्रात तारीख दिलेली असते. पुढे पाठवताना ती गळते आणि फक्त ‘तातडीचे’ उरते. पोर्टलवर तर योजनेच्या नावासमोर तारखा वेगवेगळ्या दिसतात: विद्यार्थ्याने अर्ज भरण्याची, शाळेने पडताळणी करण्याची आणि जिल्ह्याने पडताळणी करण्याची. या पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. घरच्या मोबाइलवरही त्या दिसतात.

राहिली अहवालाची वेळ. ती पोर्टलवर मिळत नाही, माणसालाच विचारावी लागते. इथे शब्दांचा फरक पडतो. ‘साहेब, खरंच आजच हवंय का?’ असे विचारले की ऐकणाऱ्याला शंका ऐकू येते आणि तो चिडून ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणतो. ‘मुदत वाढेल का?’ हा त्याहून वाईट प्रश्न, कारण काम सुरूच झालेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. आम्ही त्यांच्या कामाबद्दल विचारतो: ‘सर, तालुक्याचा गोषवारा तुम्ही किती वाजता बंद करता? त्याआधी आमचा तक्ता पोहोचवतो.’ गोषवारा म्हणजे सगळ्या शाळांचे आकडे एका पानावर. तो बंद होण्याचा क्षण हीच आपली खरी वेळ. प्रश्नात आपण देणार, हे गृहीतच असते, म्हणून समोरच्याला वेळ सांगायला अडचण वाटत नाही. ‘तीनला व्हीसी आहे, दोनपर्यंत द्या,’ असे उत्तर येते. पात्र ५, भरले ४, बाकी १, कारण आधार सीडिंग. हा तक्ता दहा मिनिटांत होतो. नमाजला जाण्याआधी तो पाठवता येतो, आणि त्या मुलीच्या वडिलांना माग बंद करावा लागत नाही.

पण हा प्रश्न कोणाला विचारायचा, हे महत्त्वाचे आहे. केंद्रप्रमुखांनी निरोप फक्त पुढे ढकललेला असतो. विचारले तर तेही अंदाजच सांगतात, आणि अंदाज नेहमी अलीकडचा असतो. तक्ता जो स्वतः भरतो, त्या गटसाधन केंद्रातल्या माणसाला विचारावे. फोन उचलला नाही, तर आपलीच वेळ लिहून टाकावी: ‘इन्शाअल्लाह दीडपर्यंत तक्ता पाठवतो, त्याआधी लागणार असल्यास कळवावे.’ नुसते ‘इन्शाअल्लाह पाठवतो’ एवढेच लिहिले, तर तिकडे त्याचा अर्थ ‘बघू’ असा घेतला जातो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे! मात्र उत्तर आले नाही म्हणजे मान्यता मिळाली, असे धरू नये. तासाभराने पुन्हा फोन करावा.

आता त्या मुलीच्या अर्जाकडे. समजा, पोर्टलवर अर्जाची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची आहे. म्हणून वडिलांना ‘शुक्रवारपर्यंत वेळ आहे’ असे सांगितले, तर घात होईल. खाते बँकेत आधारशी जोडलेले असणे वेगळे आणि सरकारी रक्कम त्याच खात्यात यावी यासाठी सीड असणे वेगळे. फॉर्म दिल्यावर सीडिंगची नोंद दिसायला काही दिवस जाऊ शकतात. शेवटच्या दिवशी पोर्टल संथ होते. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहानंतर अडचण सांगायला सोमवारपर्यंत कोणी भेटत नाही. म्हणून उलटे मोजायचे: अर्ज बुधवारी भरायचा, तर बँकेचे काम सोमवारी सकाळीच व्हायला हवे. वडिलांसाठी खरी मुदत सोमवार, सकाळ ही आहे.

पालकांनीही आम्हाला असेच विचारावे. ‘सर, एवढी कसली घाई?’ असे विचारले की आम्हीही माणसेच, कपाळाला आठी पडते. ‘सर, तुम्ही फॉर्म ऑनलाइन कधी भरायला बसणार? त्याच्या आदल्या दिवशी कागद आणून देते,’ असे एखादी आई म्हणते, तेव्हा आम्हाला दिवस सांगावाच लागतो. सोबत आणखी एक विचारावे: ‘आज आधार आणि निकालपत्र तयार आहे, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायचा आहे. जे आहे ते आज देऊ, की सगळं एकत्र?’ या प्रश्नाने कोणता कागद आधी लागतो, हे कळते आणि अर्धे काम त्याच दिवशी सुरू होते. उत्तरात शिक्षक ‘लवकर आणा’ एवढेच म्हणाले, तर तारीख विचारून ती फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून घ्यावी, त्यांच्यासमोरच.