जर्मन औषधाची चिठ्ठी कशी वाचावी

जर्मनीत साधी तापाची गोळी घेतली तरी खोक्यात घडी घातलेला एक लांबलचक कागद निघतो. जर्मन लोक त्याला 'बायपाकत्सेटल' म्हणतात. बारीक अक्षर आणि सगळं जर्मनमध्ये, त्यामुळे प्रवासी तो न उघडताच टाकून देतो. पण या कागदाला ठरलेली चौकट आहे. औषध कोणतंही असो, मजकूर सहा क्रमांकांत आणि त्याच क्रमाने येतो. औषध कुणी घेऊ नये ते क्रमांक 2 मध्ये, मात्रा 3 मध्ये आणि दुष्परिणाम 4 मध्ये. भाषा येत नसली तरी आकडा पाहून योग्य जागी पोचता येतं.

एक उदाहरण घेऊ. मुलाकडे श्टुटगार्टला आलेल्या आईचे गुडघे दुखतात. चिठ्ठीशिवाय मिळणारी आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅमची गोळी मुलगा 'आपोटेक'मधून, म्हणजे औषधाच्या दुकानातून आणतो. आई पुण्याहून येताना रक्तदाबाची गोळी आणि हृदयासाठी रोज घ्यायची कमी मात्रेची ॲस्पिरिन घेऊन आली आहे.

आधी क्रमांक 2 पाहायचा, मात्रा नंतर. तिथल्या पहिल्या ठळक ओळीत 'डार्फ निश्त' हे दोन शब्द असतात. अर्थ सरळ आहे: घ्यायचं नाही. आयबुप्रोफेनच्या कागदावर त्याखाली पोटातला व्रण किंवा रक्तस्राव, तीव्र हृदयविकार, मूत्रपिंडाचा गंभीर आजार, गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि ॲस्पिरिनसारख्या औषधाने पूर्वी आलेला दम्याचा झटका अशा गोष्टी येतात. यातली एक जरी लागू असेल तर खोकं बाजूला ठेवावं. त्यापुढच्या 'व्हार्नहिनव्हायझं' या भागाचं वजन वेगळं आहे. तिथे सक्त मनाई नसते, आधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा असं सांगितलेलं असतं.

आईच्या बाबतीत मेख आणखी खाली, इतर औषधांच्या परिच्छेदात आहे. तिथे 'आसेटिल्झालित्सुलझॉयरं' हा लांबलचक शब्द दिसेल. हीच आपली ॲस्पिरिन. खोक्यांवर ती बहुधा 'आ-एस-एस' या तीन अक्षरांत लिहितात. आयबुप्रोफेनमुळे ॲस्पिरिनचा रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम कमी होऊ शकतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि रक्तदाबाच्या गोळीचा जोरही घटू शकतो. म्हणून मुलाने आईच्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन आपोटेकमध्ये परत जावं. भारतीय कंपनीचं नाव तिथे कुणाला कळणार नाही, पण पट्टीवरचं मूळ घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम कळतील.

हीच गोळी धडधाकट मुलाला स्वतःसाठी हवी असेल तर क्रमांक 3 कडे वळावं. तिथे बहुधा तक्ता असतो. 'आइन्त्सेल्डोसिस' म्हणजे एका वेळची मात्रा आणि 'टागेसडोसिस' म्हणजे चोवीस तासांतली कमाल मात्रा. चिठ्ठीशिवाय घेताना प्रौढाला एका वेळी अर्धी ते एक गोळी, दोन मात्रांत किमान सहा तासांचं अंतर आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही, म्हणजे 1200 मिलिग्रॅम. डॉक्टरांना न विचारता तापासाठी तीन आणि दुखण्यासाठी चार दिवसांची मर्यादा असते. आपल्याकडच्या अनेक गोळ्यांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. सोबत आणलेली तशी गोळी घेऊन वर ही घेतली, तर मात्रा नकळत दुप्पट होते.

आकडे वाचताना एक सांभाळा. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. बाळाच्या औषधावरचे 2,5 मिलिलिटर म्हणजे अडीच, पंचवीस नव्हे, आणि 1.000 म्हणजे एक हजार, एक नव्हे. फार्मासिस्टने खोक्यावर 1-0-1 लिहून दिलं, तर ते आपल्यासारखंच: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

क्रमांक 4 वाचून अनेक जण घाबरतात आणि गरजेचं औषधही सोडून देतात. यादी भीतिदायक दिसते, कारण तिची मांडणी किती जणांना होतं त्यावर आहे, किती गंभीर आहे त्यावर नव्हे. 'झेर हॉयफिग' म्हणजे दहातल्या एकापेक्षा जास्त जणांना, 'हॉयफिग' म्हणजे दहात एकापर्यंत, 'गेलेगेंटलिश' शंभरात एकापर्यंत, 'झेल्टन' हजारात एकापर्यंत आणि 'झेर झेल्टन' दहा हजारांत एकापर्यंत. आयबुप्रोफेनची छातीतली जळजळ, मळमळ, पोटदुखी 'हॉयफिग'मध्ये येते. त्वचेवर फोड येऊन साल सुटण्यासारखी भयंकर गोष्ट अगदी शेवटी, 'झेर झेल्टन'मध्ये.

म्हणजे गंभीर इशारा यादीच्या तळाशीही असू शकतो. तेव्हा लक्षणं आधीच माहीत असावीत: काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, चेहऱ्याला किंवा घशाला सूज, श्वास लागणं, अंगावर पसरत जाणारं पुरळ. यातलं काहीही दिसलं तर गोळी तिथेच थांबवा आणि 112 ला फोन करा. जिवावरचं नसेल, पण दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल, तर जर्मनीभर 116117 हा क्रमांक चालतो.